4,800 ऑप्शन मिळाले, पण त्यातले माझे नक्की किती?

नवी_रुजू
पुढच्या महिन्यात एका स्टार्टअपमध्ये रुजू होतेय. ऑफर लेटरमध्ये कंपनीच्या शेअरचे 4,800 ऑप्शन, चार वर्षांचं व्हेस्टिंग म्हणजे ते टप्प्याटप्प्याने माझे होणार, एक वर्षाचा क्लिफ आणि मग दर महिन्याला, असं लिहिलंय. एचआरचं म्हणणं, हा पगाराचाच भाग समजा, म्हणूनच रोख पगार थोडा कमी ठेवलाय. दीड वर्षात सोडावी लागली तर हातात काय राहील? शेवटी फॉरफिट होण्याबद्दल, म्हणजे ऑप्शन हातचे जाण्याबद्दल, एक लांबलचक परिच्छेद आहे, तो कितपत घाबरण्यासारखा?

बारकाईने_वाचा
भागाकार सोपा आहे. 48 महिन्यांत 4,800, म्हणजे महिन्याला 100. पहिले बारा महिने काहीच नाही, हाच क्लिफ; बारावा पूर्ण झाला की एकदम 1,200, आणि तिथून पुढे दर महिन्याला 100. दीड वर्षाला 1,800. पण हा आकडा लगेच खरा मानू नका, कारण घड्याळ कुठल्या दिवशी सुरू झालं यावर तो अवलंबून आहे.

ऑफर लेटर म्हणजे ग्रँट, म्हणजे ऑप्शन प्रत्यक्ष देणं, नव्हे. ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा 'बोर्डाच्या मंजुरीच्या अधीन राहून' असे शब्द असतात. बोर्ड मंजुरी देतं, मग ग्रँट लेटर हातात येतं, आणि छोट्या कंपन्यांत या कामाला तीन-चार महिने सहज लागतात. समजा तुम्ही 1 फेब्रुवारीला रुजू झालात आणि ग्रँट लेटरवर तारीख पडली 1 जूनची. व्हेस्टिंग ग्रँटच्या तारखेपासून मोजायचं ठरलं असेल, तर पुढच्या वर्षीच्या जुलैअखेर, म्हणजे नोकरीला दीड वर्ष झाल्यावर, तुमचे 14 महिनेच भरलेले असतील. 1,800 नाही, 1,400. एप्रिलच्या सुरुवातीलाच निघालात, तर नोकरी 14 महिने झाली तरी ग्रँटला दहाच महिने झाले, म्हणजे शून्य.

म्हणून ग्रँट लेटरमध्ये व्हेस्टिंग सुरू होण्याची तारीख वेगळी लिहिलेली आहे का ते बघा. ती रुजू होण्याचीच असावी, अशी मागणी आत्ताच करा. सही करण्याआधी हे मागणं सोपं जातं.

रोखठोक
मी उलट बाजूने बोलतो. क्लिफ हा कर्मचाऱ्याच्या गळ्यातला फास आहे. अकरा महिने कमी पगारात राबवून घ्यायचं आणि बाराव्यात 'परफॉर्मन्स' म्हणून काढायचं, हे घडताना मी पाहिलंय. अकरा महिन्यांचं काम कंपनीला मिळालं, मग त्या अकरा महिन्यांचे 1,100 त्या माणसाला का नाहीत? बाकी फॉरफिटचं फार मनावर घेऊ नकोस. एकदा व्हेस्ट झालं की ते तुझं, कायमचं. कुणी हात लावू शकत नाही.

पहिली_पंचवीस_माणसं
आमची कंपनी लहान आहे, पहिल्या पंचवीस जणांना ऑप्शन मीच दिले, म्हणून दुसरी बाजू मांडते. इसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांना द्यायच्या ऑप्शनचा, पूल ठरलेला असतो. कुणी चार महिन्यांत गेलं आणि 400 ऑप्शन घेऊन गेलं, तर ते नाव भागधारकांच्या हिशोबात वर्षानुवर्षं बसून राहतं आणि जे राहिले त्यांचा वाटा तेवढा पातळ होतो. क्लिफ नसता तर मी सुरुवातीला कुणालाही इतके ऑप्शन दिलेच नसते. माणसं मुद्दाम अकराव्या महिन्यात काढली जातात, हे मला अपवाद वाटतात. असं एकदा केलं की आतले सगळे ते बघतात आणि पुढच्या ऑफरमधल्या ऑप्शनवर कुणी विश्वास ठेवत नाही.

रोखठोक
ज्याला काढलं त्याला या अपवादाने काय मिळालं?

दोनदा_सोडली
'व्हेस्ट झालं की कायमचं तुझं' हे वाक्य वाचून राहवलं नाही. माझंही अगदी हेच समजणं होतं, आणि ते फार महाग पडलं.

पहिल्या कंपनीत माझे 2,600 व्हेस्ट झाले होते. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला, निरोप झाला, आणि दोन दिवसांनी मेल आली : आजपासून 90 दिवसांत एक्सरसाइज करा, नाहीतर लॅप्स. व्हेस्ट होणं म्हणजे शेअर मिळणं नव्हे, शेअर विकत घेण्याचा हक्क मिळणं, आणि पैसे भरून तो हक्क वापरणं म्हणजे एक्सरसाइज, हे मला त्या मेलने शिकवलं. एक्सरसाइजची किंमत मी जमवली असती. पण शेअरचं मूल्यांकन मधल्या काळात वाढलं होतं, आणि मूल्यांकन वजा एक्सरसाइज किंमत, हा फरक माझं वेतन धरून त्यावर कर लागणार होता. शेअर तर विकता येत नव्हते, कंपनी लिस्टेड नाही. म्हणजे हातात एक पैसा न येता कर भरायचा. दोन्ही मिळून माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होत होती. घरात नवरा-बायको तीन रात्री आकडे मांडत बसलो. शेवटी 600 घेतले आणि 2,000 सोडून दिले. ते 600 आजही विकता आलेले नाहीत.

तेव्हा 'दीड वर्षात हातात काय' हा प्रश्न दोन भागांत विचार. व्हेस्ट किती होतील, आणि त्यातले विकत घ्यायला तुझ्याकडे पैसे किती असतील.

हिशेब_ठेवा
आमच्याकडे दोन वर्षांचा बाँड होता, आधी सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे कापून घ्यायचे. हा क्लिफ म्हणजे तसाच प्रकार का? सोडताना पैसे भरावे लागतात का?

बारकाईने_वाचा
नाही, बाँड वेगळा. क्लिफआधी गेलात तर तुमच्याकडून कुणी काही मागत नाही, फक्त मिळायचं ते मिळत नाही.

दोनदा_सोडली यांनी सांगितलेल्या 90 दिवसांबद्दल थोडं. हा आकडा मुळात अमेरिकेच्या करकायद्यातून आलाय. तिथल्या एका प्रकारच्या ऑप्शनवर करसवलत टिकवायची असेल, तर नोकरी सुटल्यापासून तीन महिन्यांत ते एक्सरसाइज करावे लागतात. तिथल्या स्कीमचे, म्हणजे कंपनीच्या ऑप्शनच्या नियमावलीचे, मसुदे जगभर उतरवले गेले आणि जिथे त्या कराचा संबंधच नाही तिथेही 90 दिवस चिकटून राहिले. भारतात कंपनी कायद्याखालचे 2014 चे नियम ही मुदत स्कीमवर सोडतात. म्हणजे ती एक वर्षाची किंवा पाच वर्षांची ठेवायला नियमाची आडकाठी नाही. काही कंपन्या ठेवतातही.

त्याच नियमांची दुसरी बाजू मात्र कडक आहे. भारतात ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष गेलंच पाहिजे. म्हणून रुजू होण्याची तारीख लिहून घेतली, तरी माझ्या उदाहरणात 1 जूनच्या आत काहीच व्हेस्ट होणार नाही. फायदा असा, की त्या दिवशी 1,200 ऐवजी 16 महिन्यांचे 1,600 एकदम व्हेस्ट होतील. एप्रिलमध्ये जाणारा दोन्हीकडे शून्यावरच. आणि राजीनामा दिला किंवा काढलं, तर त्या दिवशी व्हेस्ट न झालेले सगळे संपतात, असं नियमच म्हणतो. रोखठोक म्हणतात ते 1,100 त्यामुळे ऑप्शनच्या रूपात देताच येणार नाहीत. भरपाई मागायची तर रोख रकमेची मागावी लागेल.

रोखठोक
व्हेस्ट झालेल्यांबद्दल माझं चुकलं, ते मागे घेतो. पण क्लिफबद्दल नाही. नियमात एक वर्ष आहे म्हणून ते न्याय्य ठरत नाही. आणि मुदत वाढवायला आडकाठी नसताना कंपन्या 90 दिवसच का ठेवतात, हे संस्थापक मंडळींनी सांगावं.

पहिली_पंचवीस_माणसं
सांगते. गेलेल्या माणसाचे ऑप्शन दहा वर्षं उघडे ठेवले, तर पुढचा गुंतवणूकदार ते सगळे दिलेलेच धरून किंमत लावतो, आणि लॅप्स होऊन पूलमध्ये परत येणारे ऑप्शन नव्या माणसांना देता येत नाहीत. आम्ही मधला मार्ग काढला : दोन वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांना जितकी नोकरी झाली तितकी मुदत. पण वरचा अनुभव वाचून वाटतंय, कराचं ओझं मी पुरेसं धरलं नव्हतं. दोन वर्षांच्या आत जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही.

बारकाईने_वाचा
नवी_रुजू, आता तो फॉरफिटचा परिच्छेद. व्हेस्ट न झालेले जाणार, यात विशेष काही नाही. भीती पुढच्या वाक्यात असते. 'कॉज'खाली, म्हणजे गैरवर्तनासारख्या कारणाने, काढलं तर व्हेस्ट झालेले पण एक्सरसाइज न केलेले ऑप्शनही जातात, असं जवळपास प्रत्येक स्कीममध्ये असतं. मग 'कॉज'ची व्याख्या शोधा. ती ऑफर लेटरमध्ये नसते, स्कीमच्या मूळ कागदात असते, तो मागून घ्या. फसवणूक, सिद्ध झालेला गुन्हा, गोपनीय माहिती फोडणं, एवढंच असेल तर ठीक. 'कंपनीच्या मते असमाधानकारक काम' किंवा 'सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत रुजू होणं' असं काही असेल, तर तुमचे व्हेस्ट झालेले ऑप्शन दुसऱ्याच्या मर्जीवर आहेत. काही ठिकाणी पैसे भरून घेतलेले शेअरसुद्धा मूळ किमतीत परत घेण्याचा हक्क कंपनीकडे असतो. ते वाक्य दिसलं, तर सहीआधी वकिलाला दाखवा.

आणि एक शब्द हमखास नजरेतून सुटतो. व्हेस्टिंग कधी थांबतं, राजीनामा दिल्या दिवशी की कामाच्या शेवटच्या दिवशी? क्लिफ 1 जूनला, राजीनामा 10 मेला, नोटीस 60 दिवसांची. स्कीममध्ये शेवटचा दिवस धरला असेल तर 1 जून नोटीसच्या काळात येतो आणि पहिला हप्ता तुमचा. राजीनाम्याची तारीख धरली असेल तर सगळे गेले.

दोनदा_सोडली
दुसऱ्या कंपनीत मी याच वाक्यासाठी राजीनामा बावीस दिवस थांबवला.

नवी_रुजू
एचआरला लिहिलं. व्हेस्टिंगची तारीख रुजू होण्याची ठेवायला ते तयार झाले, पण पहिला हप्ता ग्रँटनंतर वर्षाने, हे त्यांनीही सांगितलं. स्कीमचा कागद पाठवलाय. व्हेस्टिंग शेवटच्या दिवशी थांबतं. 90 दिवसांची मुदत सगळ्यांना सारखी, बदलणार नाही म्हणाले. 'कॉज'च्या व्याख्येत शेवटी 'किंवा बोर्डाला योग्य वाटेल असं अन्य कारण' असे शब्द आहेत. ते काढा म्हणून लिहिलंय, चार दिवस उत्तर नाही. ते उत्तर येईपर्यंत 4,800 शून्य धरून रोख पगाराची बोलणी पुन्हा सुरू केली आहेत.

पहिली_पंचवीस_माणसं
तो शेवटचा तुकडा आमच्याही स्कीममध्ये आहे. वकिलाने दिलेला मसुदा होता, मी तसाच मंजूर केला होता. सोमवारी काढून बघते.