कमिटीची बैठक आजच बोलवायची आहे, मेसेज कसा लिहू?

सेक्रेटरी_बी_विंग: पार्किंगमधल्या एका खांबाचं प्लास्टर सुटून पडलंय. आत गंजलेल्या सळया दिसतात आणि कोपऱ्यात उभी भेग आहे. सकाळी स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून गेले. म्हणाले, आता कोसळेल असं काही नाही, पण रात्रीच्या आत लगतच्या बीमखाली प्रॉप लावा आणि तिथल्या गाड्या हलवा. खर्चाला कमिटीची मंजुरी हवी. "इमारतीला धोका" असं लिहिलं तर घबराट होईल, साधं "महत्त्वाची बैठक" लिहिलं तर सगळे रविवारवर ढकलतील. काय लिहू?

पोपटराव: आमच्या गच्चीतून गळतं, तिथलंही प्लास्टर पडतंय. वॉटरप्रूफिंगवाला कोणी चांगला आहे का?

नियमवाचक: कमिटीच्या बैठकीला तीन दिवसांची नोटीस लागते. आजची बैठक बेकायदेशीर ठरेल.

साइटवरचा_माणूस: तीन दिवस नेहमीच्या बैठकीला. तातडीचं काय, ते तुमच्या उपविधीत बघा. इतिवृत्तात कारण लिहा आणि पुढच्या बैठकीत ठराव कायम करून घ्या.

आता मेसेज. "धोका" हा शब्द नकोच, त्यातून किती आणि कधी ते कळत नाही. इंजिनिअरचं वाक्य जसंच्या तसं द्या. "लगेच कोसळेल असं नाही" आणि "रात्रीच्या आत" ही दोन्ही एकाच वाक्यात हवीत. पहिलं गाळलंत तर लोक घाबरतील, दुसरं गाळलंत तर येणार नाहीत. मी असं लिहीन:

"पार्किंगमधल्या एका खांबाचं प्लास्टर पडून सळया उघड्या पडल्या आहेत. इंजिनिअरनी आज पाहणी केली. लगेच कोसळेल असं नाही, पण रात्रीच्या आत आधार द्या, असं त्यांनी सांगितलं आहे. प्रॉपचा खर्च मंजूर करायचा आहे. आज सायंकाळी ७, ऑफिसात, वीस मिनिटं. येता येत नसेल तर फोनवर या."

मोठ्या ग्रुपवर नको. कमिटीतल्या प्रत्येकाला आधी फोन, मग मेसेज. "रविवारी का नाही?" असं कोणी विचारलंच तर सांगा, गंज चढला की सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आणखी फोडते. प्रॉपने खांब दुरुस्त होत नाही, फक्त त्याच्यावरचा भार कमी होतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. प्रॉप किती आणि कुठे, ते इंजिनिअरकडून लेखी घ्या. खाली फळी लागते, नुसत्या फरशीवर टेकवू नका.

सेक्रेटरी_बी_विंग: पाठवला. चौघं येतायत, खजिनदार फोनवर असतील. एकजण अजून "आधी दुसऱ्या इंजिनिअरला दाखवू" म्हणतायत.

साइटवरचा_माणूस: दुसरं मत जरूर घ्या, पण प्रॉप लावून झाल्यावर.

मीनाताई_ठाणे: गाड्यांचं काय? त्या हलवायला सांगायचं तर रहिवाशांना बैठकीआधीच कळायला हवं. आमच्याकडे वॉचमनने कारण न सांगता गाड्या काढायला लावल्या आणि अफवा तिथूनच उठली.

साइटवरचा_माणूस: हो, पण सगळ्यांना नको. त्या खांबाजवळच्या गाडीमालकांना तुम्ही स्वतः फोन करा.

मीनाताई_ठाणे: मला नाही पटत. चार घरांना कळलं की चाळीस घरांना कळतं, तेही अर्धवट. बोर्डावर हाच मजकूर लावावा.