फोटो बघूनच ३० टक्के कमी मागतोय, उत्तर कसं लिहू?

मदत हवी आहे. जुनी मोटरसायकल विकायला काढली आहे. एकाने गाडी न बघता थेट ३० टक्के कमी करायला सांगितलंय. कारणं दोन: मागचा टायर आणि सैल चेन.

टायरचं खरं आहे. नक्षी खाचेतल्या खुणेपर्यंत झिजली आहे, बदलावाच लागेल. चेनचं मात्र पटत नाही. मागच्या स्प्रॉकेटवरून ती ओढून पाहिली तर उचलली जात नाही, दातही वाकलेले नाहीत आणि ॲडजस्टरला अजून बरीच जागा आहे. म्हणजे नुसता ताण द्यायचा राहिलाय.

असं लिहायचं ठरवलंय:

"टायरचं मान्य, त्याचे कमी करतो. चेन समोर तपासून घ्या. बदलायची निघाली तर चेन-स्प्रॉकेट सेटचेही कमी करायचं बघू. शेवटचा आकडा गाडी चालवून पाहिल्यावर बोलू."

अडतंय दोन ठिकाणी. टायरची पूर्ण किंमत वजा करावी की अर्धी? जुन्या गाडीच्या भावात थोडी झीज धरलेलीच असते ना. आणि वजावटीचा आकडा आत्ताच लिहावा का? लिहिला तर भेटल्यावर घासाघीस तिथूनच सुरू होईल. न लिहावा तर माणूस यायचाच नाही.