अनुभव धागा: अकाउंट्सच्या बायोडेटातल्या 'स्किल्स'ना अनुभवाच्या रकान्यात पुरावा सापडतो का?

वागळे_इस्टेट:
ठाणे-नवी मुंबईत अकाउंट्स असिस्टंटची भरती करणाऱ्यांनी, किंवा सीए ऑफिसात बसून बायोडेटे चाळणाऱ्यांनी, आपली तपासायची पद्धत इथे लिहावी. 'माणूस बघून कळतं' हे नको. कागदावर काय बघता ते हवं.

सुरुवातीला एक नमुना देतो. नावगाव काढलंय, बाकी असे ढिगाने येतात.

स्किल्स: टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, २बी रिकन्सिलिएशन, टीडीएस, ई-इनव्हॉइस, ॲडव्हान्स्ड एक्सेल.
अनुभव: २०१७ ते २०१९, वाशी एपीएमसीतला कांदा-बटाटा व्यापारी, 'टॅली प्राइममध्ये एन्ट्री व जीएसटी काम'. २०१९ ते मार्च २०२३, वागळे इस्टेटमधलं इंजिनिअरिंग वर्कशॉप, 'संपूर्ण अकाउंटिंग व जीएसटी हाताळले'.

मी प्रिंट काढून प्रत्येक स्किलला आकडा देतो आणि अनुभवातल्या ज्या ओळीत ते काम दिसतं तिथे तोच आकडा टाकतो. इथे टॅलीचा आकडा बसतो, जीएसटीचा ओढूनताणून बसतो, बाकी चार लटकतात. आता बोला.

नोंदवही:
आकडे टाकायची पद्धत चांगली आहे, पण जीएसटीचा आकडा मी बसवणार नाही. 'हाताळले' या ओळीत काहीच धरण्यासारखं नाही. लहान वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा रिटर्न सीए ऑफिस भरतं आणि अकाउंटंट एक्सेलमध्ये विक्री-खरेदी काढून पाठवतो. ते कमी दर्जाचं काम नव्हे, पण ते वेगळं काम आहे. म्हणून ओळीत तीन गोष्टी शोधते: कागद कोणता, महिन्यातून कधी, आणि शेवटचं बटण कोणी दाबलं.

२बीचंच घ्या. २बी १४ तारखेला तयार होतं आणि मासिक ३बीची मुदत २० ला संपते. जुळवणी करणाऱ्याचा महिना या मधल्या दिवसांत अडकलेला असतो. त्याच्या बायोडेटात 'खरेदी रजिस्टर २बीशी जुळवून न दिसलेल्या बिलांची यादी पुरवठादारांना पाठवणे' असं काहीतरी सापडतं. नाही सापडलं तर फोनवर एकच विचारावं: बिल न जुळण्याची कारणं सांगा. काम केलेला माणूस लगेच सांगतो की पुरवठादाराने जीएसटीआर-१ अकरा तारखेनंतर भरला, किंवा तो तिमाही भरणारा आहे आणि त्याने मधल्या महिन्यांत बिलं चढवली नाहीत, किंवा आपल्याकडे बिल नंबर '४५' टाकलाय आणि त्याच्याकडे 'एबी/२२-२३/०४५' आहे. न केलेला माणूस 'मिसमॅच येतो' एवढंच म्हणतो.

खाडीपलीकडे:
एवढं कशाला? तारखा बघा, दोन मिनिटांत निकाल. टॅली प्राइम आलं २०२० च्या शेवटी. हा २०१७ मध्ये प्राइमवर एन्ट्री करत होता म्हणे. खोटा बायोडेटा, बाजूला ठेवा. ई-इनव्हॉइसचंही तेच. पाच कोटींच्या खालच्या कंपनीत ते असूच शकत नाही.

नोंदवही:
तारखांची तपासणी हवीच, पण निकाल इतक्या घाईने नको. ईआरपी ९ वर काम केलेले कितीतरी जण आज सवयीने 'प्राइम' लिहितात. तो निष्काळजीपणा झाला, खोटेपणा नव्हे. १ जुलै २०१७ च्या आधी जीएसटी रिटर्न भरल्याचं लिहिलं असेल तर मात्र प्रश्न वेगळा.

ई-इनव्हॉइसची पाच कोटींची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासूनची. ऑक्टोबर २०२२ पासून ती दहा कोटी होती, त्याआधी आणखी वर: २०२० मध्ये सुरुवातच पाचशे कोटींपासून झाली. या उमेदवाराने वर्कशॉप मार्च २०२३ मध्ये सोडलं. म्हणजे उलाढाल सात-आठ कोटी असती तरी त्याच्या काळात तिथे ई-इनव्हॉइस लागू नव्हतं. चालू मर्यादा धरून तपासलं तर इथेच फसायला होतं, 'पाचच्या वर आहे, ठीक' म्हणून ओळ पास होते.

वागळे_इस्टेट:
मग त्याने लिहिलं का असेल?

गाळा नं. १२:
माझ्या मते ई-वे बिल. ते २०१८ पासून आहे, वर्कशॉपमधून ठरावीक रकमेच्या वरचा माल निघाला की बनवावं लागतं, आणि दोन्हीच्या नावात 'ई' असल्याने सर्रास गल्लत होते. विचारायचं, आयआरएन कुठून मिळायचा? 'गाडी नंबर टाकला की' असं उत्तर आलं तर ते ई-वे बिल. मोठ्या पुरवठादाराचं क्यूआर कोड असलेलं बिल फक्त बुक केलं असेल, हीसुद्धा शक्यता आहे. तेवढ्यावर स्किल म्हणून लिहिता येत नाही.

एपीएमसीच्या ओळीवर कोणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. ताज्या कांदा-बटाट्यावर जीएसटी नाही. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीही घ्यावी लागत नाही. मग तिथलं 'जीएसटी काम' म्हणजे नेमकं काय? हां, त्याच मालकाचा मसाल्याचा किंवा सुक्या मेव्याचा दुसरा गाळा असेल तर रिटर्न असणारच. पण ते बायोडेटात लिहायला हवं. तिथे खरा पुरावा आडत, हमाली, तोलाईच्या हिशेबाचा असतो, आणि तो नेमका कोणी लिहीत नाही, कारण 'टॅली'सारखा तो मिरवत नाही.

ऐरोली_लोकल:
माझाच प्रश्न विचारते. स्किल्समध्ये 'टीडीएस' आहे. मी दर महिन्याला कपातीची रक्कम काढते आणि सात तारखेच्या आत चलन भरते. २६क्यू मात्र बाहेरचे सीए भरतात. टीडीएस काढून टाकू का? पोर्टलवर शब्द नसेल तर बायोडेटा वर येत नाही म्हणतात.

नोंदवही:
काढू नका. स्किल्समध्ये 'टीडीएस कपात व चलन' करा आणि अनुभवात लिहा की कंत्राटदार, भाडं, व्यावसायिक फी यांपैकी कशावर कपात करत होता, महिन्याला साधारण किती पार्टी होत्या, आणि २६क्यूसाठी डेटा तुम्ही देत होता. 'टीडीएस' हा शब्द राहतोच. चलन भरणाऱ्याला पॅन चुकल्याचे घोळ माहीत असतात, तेही मुलाखतीत कामाला येतं.

पारसिक:
फोटो लावावा का नाही? आणि दोन पानं चालतात का?

गाळा नं. १२:
तो धागा वेगळा आहे हो.

खाडीपलीकडे:
बरं, मर्यादेचं मान्य. पण ॲडव्हान्स्ड एक्सेलचं काय? ते तर सगळेच लिहितात. मी तो शब्द वाचतच नाही, सरळ संगणकापुढे बसवतो. दोन याद्या द्यायच्या, VLOOKUP लावून जुळवायला सांगायच्या.

वागळे_इस्टेट:
याद्या देताना एकीत बिल नंबर टेक्स्ट ठेवा आणि दुसरीत आकडा. फॉर्म्युला बरोबर असूनही #N/A येतो. तिथे कोण थांबतं आणि कोण कॉलम तपासतं ते दिसतं. पण सगळ्यांना बोलावून परीक्षा घेणं लहान ऑफिसला झेपत नाही, म्हणून आधी कागदावर चाळणी. अनुभवात 'येणेबाकीचा तीस-साठ-नव्वद दिवसांचा तक्ता पिव्होटने काढणे' एवढं जरी असलं तरी मी आकडा बसवतो.

नोंदवही:
आणि नसलं तर? इथे आपलं जमणार नाही बहुधा. चांगलं काम करणारे कित्येक जण सायबर कॅफेतून बायोडेटा बनवून घेतात, तिथला माणूस जुन्या फाइलमधल्या ओळी तशाच ठेवतो. मी लटकलेल्या स्किलवर फुली मारत नाही, प्रश्नचिन्ह टाकते आणि फोन करते.

वागळे_इस्टेट:
सहापैकी चार लटकली तरी फोन?

नोंदवही:
या नमुन्यात हो. २बी आणि टीडीएसवर एकेक प्रश्न विचारेन, ई-इनव्हॉइस ई-वे बिल निघतंय का बघेन. एक्सेल सोडून देईन.

खाडीपलीकडे:
मी नाही करणार. तेवढ्या वेळात दुसरे बायोडेटे बघून होतात.