मदत हवी आहे: आवर्ती दशांशाचा अपूर्णांक करताना १० ने की १०० ने गुणायचं?

भाचीला गणित शिकवतोय. ०.३६३६… चं तिला पटलं. x = ०.३६३६… धरलं, दोन अंक पुन्हा पुन्हा येतात म्हणून १०० ने गुणलं, १००x = ३६.३६३६… आलं. वजाबाकी केली की शेपूट उडतं, ९९x = ३६, म्हणजे x = ३६/९९ = ४/११. दहाने गुणून पाहिलं तर ३.६३६३… मधून ०.३६३६… वजा जाऊन ३.२७२७… उरतं, शेपूट तसंच. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते ०.१३६३६… ला, कारण त्यातला १ परत येत नाही. पुस्तकात १०००x मधून १०x वजा केलंय: ९९०x = १३५, x = ३/२२. भाचीने मात्र सरळ १००x मधून x वजा केलं. १३.६३६३… वजा ०.१३६३… म्हणजे १३.५, मग ९९x = १३.५. दोन्ही बाजूंना १० ने गुणलं की तेच ३/२२! (भागून पाहिलं, बरोबर आहे.)

तर प्रश्न असा: सुरुवातीला न फिरणारे अंक कितीही असले तरी तिची रीत चालेलच ना? मला वाटतं चालेल, फक्त उजवीकडे दशांश चिन्ह उरेल. पण परीक्षेत या मांडणीला पूर्ण गुण मिळतात का? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं.