मदत हवी आहे: प्री-ईएमआयच चालू ठेवू का फुल ईएमआय सुरू करू?

सायली_रावेत
नमस्कार मंडळी, रावेतला अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट घेतलाय, ६५ लाखांचा, त्यातले १५ आम्ही आधीच भरले आणि ५० लाखांचं लोन सँक्शन झालंय, ८.५ टक्के फ्लोटिंग, २० वर्षं. आत्ताच पाचवा स्लॅब पडला, बिल्डरच्या डिमांड लेटरप्रमाणे बँकेने आतापर्यंत २० लाख सोडलेत. महिन्याला प्री-ईएमआय म्हणून नुसत्या व्याजाचे १४,१६७ कापले जातात आणि परवा ॲपमध्ये बघितलं तर आउटस्टँडिंग २० चे २० लाखच, एक रुपया हललेला नाही. बँकेतला मुलगा म्हणतो मॅडम फुल ईएमआय सुरू करा, ४३ हजार. पण घरभाडं १७ हजार जातंय ते वेगळंच. काय करावं?

मंदार७९
लगेच फुल करा. प्री-ईएमआय म्हणजे पाण्यात पैसे, नुसतं व्याज. टॅक्सलासुद्धा त्याचं काही मिळत नाही.

बंडूनाना
आमच्यावेळी बिल्डरच म्हणाला होता पझेशनपर्यंत व्याज आम्ही भरू, तुम्ही निवांत राहा. वर्षभर भरलं, मग बंद. बँकेचे फोन मला, कारण लोन माझ्या नावावर! सिबिल खराब झाला तो वेगळाच. तेव्हा ताई, असल्या स्कीममध्ये पडू नका.

सायली_रावेत
नाना, आमची तशी स्कीम नाहीये, व्याज आम्हीच भरतोय.

हिशेबनीस
मंदार, पाण्यात कसे? २० लाख वापरले त्याचं व्याज आहे ते, फुल ईएमआय घेतला तरी पहिल्या महिन्यात तेवढंच व्याज लागणार. सायली, तुमचा हिशोब असा: ५० लाखांचा ईएमआय ४३,३९१ येतो. त्यातले १४,१६७ व्याजात जातील आणि उरलेले २९,२२४ मुद्दलातून वजा होतील, म्हणजे पुढच्या महिन्याचं व्याज साधारण २०७ रुपयांनी कमी. फायदा आहे, पण तो जास्त पैसे भरल्याचा आहे, फुल ईएमआय या नावाचा नाही. हेच २९ हजार तुम्ही प्री-ईएमआय चालू ठेवून पार्ट पेमेंट म्हणून भरलेत तरी तोच परिणाम, आणि फ्लोटिंग रेटच्या घरकर्जाला प्रीपेमेंट चार्ज लावता येत नाही. फरक एवढाच की एखाद्या महिन्यात हात आखडला तर पार्ट पेमेंट थांबवता येतं, ईएमआय थांबवता येत नाही. फक्त काही बँका पूर्ण डिस्बर्समेंट होईपर्यंत पार्ट पेमेंट घेत नाहीत किंवा किमान रकमेची अट घालतात, ते ब्रँचला मेल करून लेखी विचारा, तोंडी नको.

अनघा_सीए_नाही
टॅक्सचं मंदार अर्धं बरोबर बोलला. ताबा मिळायच्या आधी काही मिळत नाही हे खरं, पण बांधकाम पूर्ण होतं त्या वर्षापासून आधीचं व्याज पाच समान हप्त्यांत दाखवता येतं, जुन्या रेजिममध्ये. गंमत अशी की राहत्या घराला वर्षाची मर्यादा सगळं मिळून २ लाख. ५० लाख पूर्ण सुटल्यावर पहिल्या वर्षाचं व्याजच सव्वाचार लाखांच्या आसपास जातं, म्हणजे मर्यादा त्यातच भरली. नवरा-बायको दोघं मालक आणि दोघं कर्जदार असले तरी प्रत्येकी २ लाख आधीच संपतात. त्यामुळे या केसमध्ये कागदावर सवलत, हातात शून्य, निदान सुरुवातीची वर्षं तरी. टॅक्स बघून निर्णय घेऊ नका.

मंदार७९
ओके, हे माहीत नव्हतं. पण शिस्त म्हणून फुल ईएमआयच बरा, असं माझं मत. पार्ट पेमेंट कोण करतंय हो दर महिन्याला, गोव्याला जाऊन येतात लोक त्या पैशांत.

हिशेबनीस
ते आहेच. सायली, अजून एक गोष्ट बघा, तीच खरी महत्त्वाची. सँक्शन लेटरमध्ये प्री-ईएमआय किती काळ चालेल ते लिहिलेलं असतं, बहुधा "पहिल्या डिस्बर्समेंटपासून इतके महिने किंवा पझेशन, जे आधी होईल ते" अशा भाषेत. मुदत संपली की बिल्डिंग अर्धी असली तरी ईएमआय चालू होतो, आणि भाडंही चालूच.

सायली_रावेत
आत्ता लेटर काढून बघितलं. चोवीस महिने लिहिलंय!! पहिलं डिस्बर्समेंट होऊन दहा झाले, आणि रेराच्या साइटवर पूर्णत्वाची तारीख अजून दोन वर्षं लांब आहे. म्हणजे साधारण दहा महिने भाडं अधिक ईएमआय, साठ हजारांच्या घरात. बँक ही मुदत वाढवून देते का? कोणाला मिळालीये?

विदर्भातला_जावई
मला सहा महिने वाढवून मिळाली होती, मुदत संपायच्या आधी अर्ज केला होता, सोबत बिल्डरचं उशीर झाल्याचं पत्र जोडलं होतं. माझ्या मेहुण्याला दुसऱ्या बँकेने सरळ नाही म्हटलं.

हिशेबनीस
तुमच्यात आणि त्यांच्यात फरक आहे. तुमच्याकडे बिल्डरचा उशीर होता, सायलीची तारीख तर मुळातच लांब आहे. अर्ज करा, पण धरून चालू नका. आणि आजपासून दोन-तीन महिने ४३ हजार आणि १७ हजार बाजूला टाकून बघा, जमतंय का ते कळेल. जमलं तर भाडं आणि प्री-ईएमआय जाऊन उरलेले २९ हजार पार्ट पेमेंटला टाका.

सायली_रावेत
सोमवारी ब्रँचला मेल टाकते, दोन्ही प्रश्न एकत्रच विचारते. उत्तर आलं की इथे लिहीन.