एकूण 82 टक्के हजेरी आहे, सहा दिवस रजा बसेल का?

खानापूरची लेक: बेळगावात बी.कॉम.च्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. ताईचं लग्न शुक्रवारी गावात आहे, म्हणून सोमवार ते शनिवार रजा मागायची आहे. पोर्टलवर एकूण हजेरी 82 टक्के दिसते, परीक्षेला 75 लागतात. वर्ग अजून चार आठवडे चालतील. सहा दिवस बसतात ना?

शहापूरकर: बसतात की! सात टक्के वर आहेत. घरचं लग्न आहे, पंचवीस टक्क्यांची मुभा मग असते कशाला? पूर्ण आठवडा घ्या.

जुना हजेरीपट: मी वर्षानुवर्षं कॉलेजात हजेरी काढली आहे. एकूण 82 वर विसंबू नका. हॉल तिकीट अडतं ते एखाद्याच विषयाच्या शॉर्टेजमुळे. सर्वात कमी हजेरीचे दोन विषय सांगा: किती तास झाले, किती बसलात, कोणत्या वारी असतात.

खानापूरची लेक: अकाउंटन्सी 32 पैकी 26, सोम, मंगळ, गुरू, शुक्र. कॉम्प्युटर प्रॅक्टिकल 14 पैकी 11, फक्त बुधवारी. बाकीच्यांत यापेक्षा जास्त आहे.

जुना हजेरीपट: आधी अकाउंटन्सी बघू. पुढे 16 तास व्हायचे, म्हणजे शेवटी 48 होतील. त्याचे 75 टक्के 36. तुमचे 26 आहेत, अजून 10 बसायला हवेत, म्हणजे 6 बुडाले तरी चालेल. सहा दिवसांच्या रजेत चार जातील, दोन उरतील.

आता प्रॅक्टिकल. चार व्हायची आहेत, एकूण 18. त्याचे 75 टक्के साडेतेरा, म्हणून 14 लागतात. तुमची 11 आहेत, चारपैकी तीन करावीच लागतील. रजेतला बुधवार गेला की हातात काहीच उरत नाही. पुढे एका बुधवारी ताप आला तर संपलं.

शहापूरकर: साडेतेरा म्हणजे 13 धरतील की. अर्ध्यासाठी कोण अडवतंय?

जुना हजेरीपट: 18 पैकी 13 म्हणजे 72 टक्के. संगणक अर्धा बघत नाही, 75 च्या खाली आहे एवढंच बघतो. अपूर्णांक आला की नेहमी वरचा आकडा धरायचा.

निपाणीची आई: माझा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्यालाही 82 आहेत. मग तोही सुरक्षित ना? आणि आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं की ते दिवस हजर धरतात, असं त्याचे मित्र सांगतात.

जुना हजेरीपट: ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. व्हीटीयूला प्रत्येक विषयात 85 लागतात, त्यामुळे तो आताच खाली आहे. योग्य कारण असेल तर 10 टक्क्यांपर्यंतची तूट माफ होऊ शकते, पण तो निर्णय विद्यापीठाचा असतो, प्राचार्य फक्त शिफारस करतात. सर्टिफिकेटने गैरहजर दिवस हजर होत नाहीत, माफीसाठी आधार मिळतो. 75 च्याही खाली गेला तर तो आधारही उरत नाही.

कणकुंबीचा वाटसरू: एक राहिलं. पावसात डीसी खानापूर तालुक्याला सुट्टी देतात, पण बेळगाव शहरात वर्ग चालूच राहतात. रस्त्यावर पाणी, बस बंद, तरी आमच्या पोरांची गैरहजेरी लागते. हे दिवस वगळायला पाहिजेत.

जुना हजेरीपट: कॉलेज ज्या तालुक्यात त्याचीच सुट्टी लागू होते. कॉलेज बंद असेल तर तो तास झालेल्यांतही नाही आणि बुडालेल्यांतही नाही. चालू असेल तर मात्र मोजला जातो.

कणकुंबीचा वाटसरू: नियम कळला, पण पटत नाही. निदान पुरावा घेऊन विचार तरी व्हावा.

शहापूरकर: यात मी तुमच्या बाजूने. पण लग्नाच्या बाबतीत माझं मत तेच, अकाउंटन्सीत दोन तास उरतायत तर भ्यायचं कशाला?

जुना हजेरीपट: कारण 16 तास होतीलच याची खात्री नाही. सेमिस्टरच्या शेवटी टेस्ट, क्रीडा, संमेलन यांत सहा तास गेले तर एकूण 42 होतील, लागतील 32. बुडवायची मुभा सहावरून चारवर येते आणि ते चार रजेतच संपतात. तास रद्द झाला की विद्यार्थी खूश होतो, पण त्याची मुभाही घटते.

लेकी, अर्ज गुरुवार ते शनिवारचा कर. बुधवारचं प्रॅक्टिकल करून निघालीस तर अकाउंटन्सीचे दोनच तास जातील. पत्रिका जोडून आठवडाभर आधी दे. आणि रजा मंजूर झाली म्हणजे हजेरी लागली असं समजू नकोस, पोर्टलवर ते तास गैरहजरच दिसतील.

खानापूरची लेक: हळद बुधवारी दुपारी आहे, प्रॅक्टिकल सकाळी. करून निघाले तर बसने पोचेन, पण घरचे सोमवारपासून बोलावतायत.

शहापूरकर: सोमवारीच जा. ताईचं लग्न एकदाच होतं, प्रॅक्टिकल परत करता येतं.

जुना हजेरीपट: परत करून घेतात का, ते सरांना आधी विचारा. प्रत्येक कॉलेजात घेत नाहीत.