मदत हवी आहे: प्रार्थनेचे चार भाग, सगळं एकच होतंय

दुपारपाळी_सातपूर
रविवारपर्यंत चार भागांत स्वतःची प्रार्थना लिहून आणायला सांगितली आहे. स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती आणि विनंती. लिहायला बसलो की दोन ओळींत गाडी विनंतीवर येते. स्तुती आणि उपकारस्तुती यांत फरक काय तेच कळत नाही, दोन्हीकडे तीच वाक्यं येतात. कोणाकडे तयार नमुना असेल तर टाका. लवकर सांगा, दोनला गेटवर हजर व्हायचंय.

गोदाकाठचा_राम
हे आपल्याकडे फार आधीपासून आहे. समर्थांनी टाकळीला तप केलं, त्यांची करुणाष्टकं वाचा. त्यात पश्चात्तापही आहे आणि मागणंही. पसायदान तर सरळ मागणं आहे, पण स्वतःसाठी नाही, सगळ्यांसाठी. रोज संध्याकाळी म्हणा, वेगळं लिहायची गरजच नाही.

दुपारपाळी_सातपूर
दादा, करुणाष्टकं आईच्या मैत्रिणीकडून ऐकली आहेत, छान आहेत. पण मला चर्चसाठी हवंय.

गोदाकाठचा_राम
मग तसं आधी लिहायचं ना राव. धाग्यात चर्चचा च पण नाही.

जुनी_मास्तरीण
उपकारस्तुती म्हणाला तेव्हाच मला कळलं, तो शब्द आपल्याच लोकांच्या तोंडी असतो. बाळा, तीन गोष्टी सांग. एकट्यानं म्हणायची की मंडळीसमोर? कशासाठी? आणि जे लिहिलंस ते इथे टाक, कितीही वाईट असलं तरी. नमुना मिळणार नाही. दुसऱ्याची पापं तू काय म्हणून कबूल करणार?

बाळयेशू_भक्त
नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात नोव्हेना करा. नऊ दिवस. माझ्या मेहुणीचं काम झालं. फेब्रुवारीच्या यात्रेत मात्र जाऊ नका, गर्दीत प्रार्थना होत नाही.

दुपारपाळी_सातपूर
एकट्यानं म्हणायची आहे, पण तरुण संघात पाळकसाहेब एकेकाची वाचून बघणार. आम्ही प्रोटेस्टंट. कशासाठी म्हणजे घराचा वाद आहे, मोठ्या भावाशी. दोन वर्षं बोलणं नाही. लिहिलंय ते असं:

"हे प्रभू, तू मला नोकरी दिलीस, आईचं ऑपरेशन नीट पार पाडलंस, म्हणून तुझी स्तुती असो. माझ्याकडून कळत नकळत काही चुका झाल्या असतील तर क्षमा कर. तुझे उपकार मानतो की तू मला दादासारखं पैशाच्या मागे लागणारं केलं नाहीस. दादाला सुबुद्धी दे आणि घराच्या कागदावर त्याची सही होऊ दे. आमेन."

जुनी_मास्तरीण
आता बोलता येईल. ओळीओळीनं घेते.

पहिली ओळ स्तुती नाही, उपकारस्तुती आहे. नोकरी आणि ऑपरेशन या देवानं तुझ्यासाठी केलेल्या गोष्टी, त्याबद्दल आभार. स्तुती म्हणजे तो कसा आहे ते म्हणणं, मग तुला काही मिळालेलं असो वा नसो. एक सोपी कसोटी सांगते. उद्या नोकरी गेली तर हे वाक्य खरं राहील का? राहत असेल तर स्तुती. राहत नसेल तर ते आभार होते, आणि आभार वाईट नाहीत, फक्त त्यांची जागा निराळी.

दुसरी ओळ पापकबुली नाही. "झाल्या असतील तर" म्हणजे झाल्या की नाही ते देवानंच शोधावं. लेवीयच्या पाचव्या अध्यायात दोषी माणसानं आपण नेमकं काय केलं ते कबूल करावं असं आहे. दावीदाचं एक्कावन्नावं स्तोत्र काढ. नाथान संदेष्ट्यानं त्याला बथशेबेच्या प्रकरणात तोंडावर सांगितलं, त्यानंतरचं ते. त्यात "असतील तर" कुठे आहे का बघ.

तिसरी ओळ वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. लूकच्या अठराव्यात परूशी अगदी असाच उपकार मानतो, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून. जकातदार छाती बडवत एवढंच म्हणतो की मज पाप्यावर दया कर, आणि नीतिमान ठरून घरी तोच जातो. वाक्य आभाराचं असलं तरी आतून ते दादाविरुद्धची तक्रार आहे.

चौथी ओळ विनंती खरी, पण त्यात तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस. बदलायचं ते सगळं दादानं.

दुपारपाळी_सातपूर
लागलं जरा. पण मग मी कबूल काय करू? सही तो अडवतोय.

फादरांचा_पुतण्या
पापकबुली घरी बसून कागदावर लिहून होत नाही. धर्मगुरूंकडे जावं लागतं. बाकी तिन्ही ठीक आहेत.

जुनी_मास्तरीण
पुतण्या, त्यानं संस्काराबद्दल विचारलेलंच नाही, वैयक्तिक प्रार्थनेबद्दल विचारलंय. आणि तुमच्याकडेही रात्री झोपण्यापूर्वी पश्चात्तापाची प्रार्थना एकट्यानं म्हणतातच की.

फादरांचा_पुतण्या
म्हणतो, पण ती संस्काराच्या जागी नाही. आणि तुमची ही चारांची वाटणी बायबलातली नाही, सोयीसाठी केलेली आहे. आमच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात प्रार्थनेचे प्रकार पाच आहेत. आराधना, विनंती, दुसऱ्यासाठी मध्यस्थी, उपकारस्तुती आणि स्तुती. पापांची क्षमा मागणं तिथे विनंतीतच येतं, किंबहुना विनंतीची सुरुवातच तिथून होते. त्यामुळे "विनंती वेगळी, कबुली वेगळी" हे इतकं ठाम सांगू नका.

जुनी_मास्तरीण
हे मात्र बरोबर बोललास. क्षमा ही मागायचीच असते. तरी याच्यासारख्याला दोन्ही वेगळी लिहायला लावावी, नाहीतर "क्षमा कर" हे तीन सेकंदांत उरकून माणूस सहीवर येतो. आणि भावासाठी मागणं म्हणजे तुमची मध्यस्थी, आमच्या मराठी बायबलातली रदबदली. रदबदली दुसऱ्याच्या बाजूनं उभं राहून करतात. याची चौथी ओळ दादाच्या बाजूची आहे का?

गोदाकाठचा_राम
रदबदली हा कचेरीतला शब्द बायबलात? भारी आहे. आमचे आजोबा मामलेदाराकडे करायचे.

द्राक्षवाला_पिंपळगाव
घराच्या वादाला प्रार्थना ठीक आहे, पण सातबारा की प्रॉपर्टी कार्ड? वाटणीपत्र नोंदवलंय का? आमच्या चुलत्यांनी असंच अकरा वर्षं अडवलं होतं. चांगला वकील बघा.

दुपारपाळी_सातपूर
वकील आहे. तो धागा वेगळा काढेन.

जुनी_मास्तरीण
कबूल काय करू म्हणून विचारलंस, त्यासाठी नहेम्याचा पहिला अध्याय काढ. पाचव्या वचनापासून अकराव्यापर्यंत, सातच वचनं. हा राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमचा कोट पडलाय अशी बातमी येते. कोट यानं पाडलेला नाही, हा तर परदेशात नोकरीला. तरी सुरुवात देव कसा आहे तिथून करतो, तो करार पाळणारा आहे म्हणतो. मग लोकांची पापं सांगताना "मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानं" असं स्वतःला आत घेतो. मग देवाला त्याच्याच वचनाची आठवण देतो. विनंती अगदी शेवटच्या वचनात, आणि किती नेमकी! आज या मनुष्याची माझ्यावर दया होऊ दे, एवढीच. तो मनुष्य म्हणजे राजा. "सगळं नीट कर" असं मोघम नाही.

पुढची गंमत बघ. बातमी किसलेव महिन्यात आली आणि राजाशी बोलायची वेळ नीसानात, मध्ये चारेक महिने. आणि राजानं खरंच विचारलं तेव्हा दुसऱ्या अध्यायात तो उभ्या उभ्या देवाची प्रार्थना करून लगेच उत्तर देतो. तिथे चार भाग करायला वेळच नव्हता. भाग एकांतासाठी, घाईसाठी नाहीत.

फादरांचा_पुतण्या
नहेम्यात उपकारस्तुती कुठे आहे? तीनच भाग झाले की.

जुनी_मास्तरीण
नाही तिथे, खरंय. देवानं लोकांना सोडवल्याचं दहाव्या वचनात येतं, पण आभार म्हणून नाही. म्हणून मी त्याला साचा म्हणत नाही.

फादरांचा_पुतण्या
मग क्रमही सोडा. संत इग्नाती यांच्या रोजच्या आत्मपरीक्षणात पाच पायऱ्या आहेत, त्यात पहिली उपकारस्तुती. आधी मिळालेलं आठवायचं, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तपासायचा, मग क्षमा, मग सुधारायचा निश्चय. माझा अनुभव असा की आधी आभार मानले की स्वतःची चूक बघायला भीती वाटत नाही. तुमच्यात कबुली आधी आणि आभार नंतर, ते मला उलटं वाटतं.

जुनी_मास्तरीण
आम्हाला शिकवलं ते असं की क्षमा मिळाली याचेच पहिले आभार, म्हणून कबुली आधी. तुझंही पटण्यासारखं आहे. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत तर रोजची भाकर आधी आणि ऋणांची क्षमा नंतर.

बाळयेशू_भक्त
यात्रेला गाडी कुठे लावतात कोणी सांगेल का?

दुपारपाळी_सातपूर
रात्री पाळीवरून आल्यावर बसलो. कबुलीला काही सुचेना, मग दोन वर्षांपूर्वीचे मेसेज वाचले. घरच्या ग्रुपवर दादाच्या पगाराचा आकडा मी टाकला होता, सगळ्या आत्या-मावश्यांसमोर. नंतर डिलीट केला, पण त्यांनी वाचलेला. सही त्याच्यानंतर थांबली. हे मी विसरलोच होतो, किंवा विसरलो असं धरलं होतं. आता असं लिहिलंय:

"प्रभू, तू आम्हा दोघांना सारखंच ओळखतोस आणि तुझ्यापुढे कोणाचा पक्ष चालत नाही. मी दादाचा पगार ग्रुपवर टाकला, तो त्याला खाली बघायला लावण्यासाठीच. ते पाप होतं. आईच्या ऑपरेशनच्या रात्री दादा पहाटेपर्यंत बाकावर बसला होता, त्याबद्दल तुझे उपकार मानतो. दादाला कर्जाची काळजी आहे, ती हलकी कर. आणि या रविवारी त्याच्याशी बोलताना मला आधी माझी चूक सांगता येऊ दे. आमेन."

सहीचं काढून टाकलं. ते मागणं चूक आहे का?

जुनी_मास्तरीण
चूक नाही, हवं तर घाल. पण जिथे होतं तिथे नको, शेवटी. कबुलीत "ते पाप होतं" यावर थांबलास, "पण त्यानंही" असं पुढे आलं नाही, तिथेच मला कळलं. एक गोष्ट राहिली. देवाला सांगून झालं, पण पगार ज्याचा उघड केला त्याला कधी? मत्तयच्या पाचव्यात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर असं आहे.

फादरांचा_पुतण्या
यावर आमचं तुमचं एकमत.

द्राक्षवाला_पिंपळगाव
लेखी माफी मात्र देऊ नका. कोर्टात वापरतात.

दुपारपाळी_सातपूर
फोन करायला हात उचलत नाही अजून. पाळकसाहेबांना दाखवण्याआधी एकच विचारतो, स्तुतीचं एकच वाक्य झालंय. कमी पडेल का?

जुनी_मास्तरीण
एकशे सतरावं स्तोत्र उघड. सबंध स्तुतीचं आहे आणि दोनच वचनांत संपतं.